चाचांच्या नावानं लिहिलेला अर्ज

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि सात वर्षं विम्याच्या पॉलिसी विकल्या. नोकरीत असताना एजन्सी घेता येत नाही, म्हणून ती बायकोच्या नावावर होती. परीक्षेलाही तीच बसली. नंतरचं सगळं मी केलं. फॉर्म भरणं, घरोघरी जाणं, सह्या घेणं. कमिशन तिच्या खात्यावर जमा व्हायचं आणि एटीएम कार्ड माझ्या पाकिटात असायचं. आमच्याकडे अशा एजन्सी बऱ्याच आहेत. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, पण त्या वेळी मला तो बचाव वाटत होता.

मंगरूळपीरला एक गादीवाले चाचा आहेत. कापूस पिंजून गाद्या, रजया, उशा भरतात. माझ्या लग्नातली गादी त्यांच्याच हातची. मी वाशीमहून मंगरूळपीरच्या शाळेत रोज जाऊन-येऊन होतो, त्या काळात त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, चौथीपर्यंत. त्या ओळखीवर चाचा मला मास्तर म्हणत आणि दुकानात गेलो की आधी स्टुलावरचा कापूस झटकत.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे ऐंशी हजार रुपये जमले होते. कारंज्याचा एक जण आपलं पिंजणयंत्र वर्षभरात विकणार होता. चाचांचं जुनं यंत्र दर आठवड्याला बंद पडायचं, आणि रेडिमेड फोमच्या गाद्यांपुढे टिकायचं तर रोज जास्त माल काढणं भाग होतं. ते पैसे त्यांना त्या यंत्रासाठी हवे होते. तोवर वर्षभर कुठे ठेवावेत, हे त्यांनी मला विचारलं.

"मास्तर, बँकेत ठेवू का अजून कुठं? तुमाले कळते त्यातलं."

मी म्हणालो, "माझ्याकडे द्या. वर्षाची ठेव समजा. बँकेपेक्षा बरं मिळेल, वर विमा फुकट."

हे वाक्य मी सरळ चेहऱ्यानं बोललो. मी त्यांना दिली ती ठेव नव्हती. दरवर्षी ऐंशी हजार, अशी दहा वर्षं भरायची पॉलिसी होती. दुसऱ्या वर्षी हप्ता थांबला तर हाती येणारी रक्कम मुद्दलाच्या बरीच खाली. हे मला पूर्ण माहीत होतं. मार्च जवळ होता, शाखेत टार्गेटचा फळा होता, आणि बायकोच्या नावापुढचा आकडा अर्धाच भरला होता.

फॉर्म मी भरला. चाचा सही उर्दूत करतात. सही इंग्रजीत नसली की फॉर्मवर एक घोषणा लागते, की सगळा मजकूर त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला आहे. ती माझ्या एका मित्राच्या सहीनं झाली. मित्रानं चाचांना आजपर्यंत पाहिलेलं नाही. मोबाईल नंबर मी माझा टाकला, ईमेल माझा टाकला. पत्ताही माझ्या वाशीमच्या घराचा, 'द्वारा' लिहून. पोस्टमनला गल्ली सापडत नाही, हे कारण मी चाचांना दिलं. त्यांनी मान हलवली.

आमच्या धंद्यात ही पद्धत मला एका जुन्या एजंटनं शिकवली होती. पॉलिसीचा कागद, म्हणजे बॉन्ड, ग्राहकाच्या हाती पडल्यापासून तीस दिवसांत त्याला ती नाकारता येते. कारण लिहायचं, मूळ कागद परत करायचा, थोडी कपात होऊन पैसे परत. याला फ्री-लूक म्हणतात. पूर्वी मुदत पंधरा दिवसांची होती, आता तीस. तो एजंट म्हणायचा, "बॉन्ड महिना झाल्याशिवाय द्यायचा नाही. पेढे घेऊन जायचं, फोटो काढायचा, मग द्यायचा." पेढ्यांमुळे उशीर हा मान दिल्यासारखा वाटतो. मी सात वर्षं पेढे नेले.

कंपनीचा पडताळणीचा फोन अर्थातच माझ्या मोबाईलवर आला. मी शाळेच्या व्हरांड्यात होतो. पलीकडच्या बाईनं चाचांचं नाव घेऊन विचारलं, आपणच बोलताय ना. मी हो म्हणालो. हप्ता दरवर्षी, दहा वर्षं भरायचा आहे, हे आपल्याला माहीत आहे ना. मी हो म्हणालो. एकूण पाच प्रश्न होते आणि पाचही वेळा मी चाचा होतो. मग घंटा झाली आणि मी वर्गात गेलो.

पॉलिसी ईमेलवर आली त्या दिवसापासून मी मोजलं. चौथ्या दिवशी छापील बॉन्ड स्पीड पोस्टानं घरी आला, बायकोनं सही करून घेतला, मी कपाटात ठेवला. छत्तिसाव्या दिवशी पाव किलो पेढे घेऊन मंगरूळपीरला गेलो. चाचांनी दोन्ही हातांनी बॉन्ड घेतला, डोळ्यांना लावला. मी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी साडेनऊला चाचा माझ्या दारात उभे. बरोबर मुलगी. ती आता वाशीमला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुटीला घरी गेली होती. तिच्या हातात बॉन्ड होता आणि मधल्या एका पानावर बोट घातलेलं.

"सर, हे प्रीमियम भरण्याची मुदत दहा वर्षे लिहिलं आहे," ती म्हणाली. "अब्बा म्हणतात एकच वर्षाचं आहे. छपाईची चूक आहे का?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. मला वाटतं, तिला खरंच ती छपाईची चूक असावी असं हवं होतं.

चाचा म्हणाले, "मी तिले तेच म्हनून राह्यलो. मास्तरनं सांगतलं ते सांगतलं. पोरगी आयकत नाही."

मी बसा म्हणालो. पाणी आणलं. मग म्हणालो, "चूक नाही, दहा वर्षांचंच आहे. पण काढू आपण मार्ग."

चाचांनी ग्लास हातात तसाच धरला. "मंग मशीन?"

मुलगी बॉन्डचं पहिलं पान उघडून वाचायला लागली. फ्री-लूकचं कलम तिथंच असतं. ते तिनं एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं वाचलं. तीस दिवस. ती म्हणाली, "कालच तर मिळालंय. मग होईल ना सर?"

मी म्हणालो, होईल. उद्या शाखेत या.

ते गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"होईल म्हने. कसं होईल? मेल कवा आला?"

"सदतीस दिवस झाले."

"आन मी पोस्टमनले सही कवा देली?"

"तेहतीस."

"मंग तुमी कायच्या भरवशावर होईल म्हनले त्याईले?"

मी म्हणालो, आर्थिक अडचण म्हणून अर्ज देऊन बघू, मॅनेजर ओळखीचा आहे.

"ओळखीचा," ती म्हणाली. "तुमची ओळख, माहा एजन्सीचा कोड, आन त्या मानसाचे पैसे. लय भारी धंदा हाय." मग तिनं पाण्याचे ग्लास उचलले. तिच्यासाठी विषय तिथं संपला नव्हता, पण बोलणं संपलं.

पहिला अर्ज मी त्याच दुपारी लिहिला. सहा ओळींचा. घरगुती आर्थिक अडचणीमुळे पॉलिसी पुढे चालू ठेवणे शक्य नाही, तरी रद्द करून रक्कम परत मिळावी ही विनंती. बॉन्ड कधी मिळाला हे लिहिलं नाही. कारण अर्ज लिहिणारा मी होतो, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला तोही मीच. त्या अर्जात माझा कुठेच उल्लेख नव्हता. वाचून मला तो नीटनेटका वाटला, हेही सांगायला हवं.

सोमवारी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कंपनीची शाखा पाटणी चौकाच्या पलीकडे एका जिन्यावर आहे. मॅनेजर मीटिंगसाठी अकोल्याला गेले होते. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, नवीन बदलून आलेली, मला न ओळखणारी. चाचा आणि त्यांची मुलगी समोरच्या खुर्च्यांवर बसले. मी कागद दिले. मूळ बॉन्ड, पहिल्या हप्त्याची पावती, आधार, पॅन, आणि चाचांकडे चेकबुक नाही म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.

तिनं अर्ज वाचला, नंबर टाकून स्क्रीन पाहिली.

"कारणाचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "मुदतीत असेल तर पॉलिसी आवडली नाही एवढं कारणही पुरतं. पण ही अडतीस दिवसांपूर्वी ईमेलवर पोहोचली आहे. स्पीड पोस्टही चौतीस दिवसांपूर्वी पोहोचलेलं दिसतंय. मी अर्ज घेईन, घ्यायलाच हवा. मुख्य कार्यालय तो नाकारेल."

"आमाले तं परवा भेटला," चाचा म्हणाले.

"मग पोस्टाच्या पोचपावतीवर सही कोणाची आहे?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात आरोप नव्हता. दुकानात गिऱ्हाईक फोमबद्दल काही विचारतं तेव्हा ते मुलीकडे पाहतात, तसंच. हा विषय यांचा, हे सांगतील.

काउंटरवरची मुलगी पुढे म्हणाली, "आणि हा ईमेल तुमचा आहे ना, काका?"

"माहा कायचा ईमेल. मी गाद्या भरतो, बेटा."

हे त्यांनी हसत म्हटलं. फार्मसीची मुलगी हसली नाही. ती काउंटरवर वाकली, ईमेलचा पत्ता पाहिला. त्यात माझं आडनाव आहे. ती परत खुर्चीवर जाऊन बसली आणि तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

त्या क्षणी मला दोन गोष्टी सुचल्या, आणि आधी सुचली ती वाईट होती. अर्ज असाच इनवर्ड करावा, तो नाकारला जाईल, मग चाचांना सांगावं की नियमच तसा आहे, मी काय करणार. कंपनीवर ढकलता आलं असतं. बहुतेक त्यांनी मानलंही असतं. मी ते केलं नाही यात मोठेपणा नाही. चाचांची मुलगी समोर बसली नसती तर मी काय केलं असतं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

मी काउंटरवरच्या मुलीला म्हणालो, "अर्ज परत द्या. दुसरा लिहितो."

बाहेर जिन्याजवळ बाकडं आहे. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी चार फुलस्केप आणले. अर्ज चाचांच्या नावानं लिहायचा होता, म्हणजे त्यांच्या तोंडून. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो, कारण 'मी' म्हणजे आता ते होते, आणि मी तिसराच कोणीतरी होतो. माझ्यासाठी शब्द कोणता? एजंट माझी बायको होती. शेवटी लिहिलं, 'एजंटचे पती, जे प्रत्यक्षात सर्व व्यवहार पाहत होते.'

चाचा शेजारी येऊन बसले. "काय लिहून राह्यले?"

"झालं की वाचतो."

"आताच वाचा ना. सही मालेच कराची हाय."

मग मी लिहीत गेलो आणि वाचत गेलो. वर विषय, पॉलिसी क्रमांक, फ्री-लूक कलमानुसार पॉलिसी रद्द करण्याबाबत. पुढे:

'ही पॉलिसी मला एक वर्षाची ठेव म्हणून सांगण्यात आली. प्रत्यक्षात ती दहा वर्षे वार्षिक हप्ता भरण्याची आहे. हे मला मान्य नाही. माझी तेवढी ऐपत नाही.'

"ऐपत नाही हे काढा," चाचा म्हणाले. "ऐपतीचं काय कराचं त्याईले? मले नको हाय, एवढंच लिहा."

मी ते खोडलं. फुलस्केप बदलला.

'प्रस्तावावरील मोबाईल क्रमांक, ईमेल व पत्रव्यवहाराचा पत्ता माझे नाहीत. ते एजंटच्या पतीचे आहेत. ईमेलवरील पॉलिसी मला मिळालेली नाही. छापील बॉन्ड टपालाने त्यांच्या घरी आला, त्यांनी तो बत्तीस दिवस स्वतःकडे ठेवला व परवा मला दिला. म्हणून मुदत परवापासून मोजावी.'

वाचताना माझा आवाज शाळेत धडा वाचतो तसाच निघत होता. चाचा ऐकत होते. बत्तीस दिवसांपाशी त्यांनी विचारलं, "घरी होता?"

"हो."

"बत्तीस दिवस?"

"हो."

"काहून?"

मी पद्धत सांगितली. मुदत निघून जाण्याची. पेढ्यांची. जिन्यावरून दोन माणसं वर गेली, त्यांच्यासाठी आम्ही पाय आत घेतले.

"पेढे चांगले होते," ते म्हणाले.

मी पुढचं लिहिलं. पडताळणीच्या फोनचं. 'सदर फोनवर माझा आवाज नाही. माझ्या नावाने एजंटच्या पतीने उत्तरे दिली. रेकॉर्डिंग ऐकून खात्री करावी.' हे वाचल्यावर त्यांची मुलगी दारातून म्हणाली, "हे पण?" एवढंच. मी हो म्हणालो. मान वर केली नाही.

मग परताव्याचं. 'मी हप्त्यापोटी ऐंशी हजार रुपये भरले आहेत. कोणताही दावा केलेला नाही. त्यातून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि जितके दिवस विमा होता तितक्या दिवसांच्या जोखमीचा हिस्सा एवढेच वजा करून उरलेली रक्कम खालील खात्यात जमा करावी व कपातीचा तपशील लेखी द्यावा.' वैद्यकीय तपासणी म्हणजे रक्त-लघवीची. वाशीमच्या लॅबमध्ये मीच त्यांना नेलं होतं. चाचांनी विचारलं, "म्हनजे पुरे नाही भेटत?"

"दीड-दोन हजार जातील."

"रगत बी माहं, पैसे बी माहे," ते म्हणाले, आणि पेन मागितलं.

सही त्यांनी फॉर्मवरच्यासारखीच उर्दूत केली, सावकाश. खाली मी माझं निवेदन जोडलं. वरील मजकुरातील एजंटचे पती ते मीच, मजकूर खरा आहे, अर्जदाराला तो मी वाचून दाखवला आहे. पूर्ण नाव, सही. या वेळी ती घोषणा खरी होती.

काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही कागद वाचले. मधेच एकदा माझ्याकडे पाहून विचारलं, "हे तुम्ही स्वतः लिहिलंय? मॅडमच्या कोडवर चौकशी लागेल."

"माहीत आहे."

तिनं चाचांचा स्वतःचा मोबाईल नंबर विचारला, तो बदलण्याचा वेगळा फॉर्म भरून घेतला, झेरॉक्सवर तारीख आणि वेळेचा शिक्का मारून ती प्रत चाचांच्या मुलीला दिली. मला नाही. म्हणाली, सात दिवसांत निर्णय कळेल. नाही कळला तर तक्रार कक्षाकडे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येतं. पत्ता तिनं बॉन्डच्या कोऱ्या बाजूवर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिला, कारण बॉन्ड आता परत गेला होता.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"माहं नाव लिवलं?"

"एजंट म्हणून. आणि माझं."

"तुमचं कुठं?"

"खाली. सही करून."

तिनं निवडलेली मेथी ताटात सारखी केली. "सात वर्षांत पयल्यांदा तुमी स्वताच्या नावानं सही केली," ती म्हणाली. "आता जे येईन ते येऊ द्या."

आलं ते असं. तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून चाचांना फोन गेला. ते मला नंतर कळलं, त्यांच्या मुलीकडून, कारण तिनं पावतीबद्दल काही विचारायला फोन केला होता आणि बोलता बोलता तिनं ते सांगितलं. बाईनं आधीचेच पाच प्रश्न विचारले. शेवटी म्हणाली, आपला आवाज मागच्या वेळेपेक्षा वेगळा वाटतो. चाचा म्हणाले, "बाई, हा ओरिजनल हाय. खोकला बी ओरिजनल हाय." सांगताना ती थोडी हसली. मग लगेच औपचारिक झाली आणि तिनं फोन ठेवला. शाळेत असताना ती मला दिवसातून दहादा सर म्हणायची. त्या फोनवर एकदाही म्हणाली नाही.

सहाव्या दिवशी चाचांच्या खात्यावर अठ्ठ्याहत्तर हजार तीनशे सव्वीस रुपये जमा झाले. कपातीचा तपशील पत्रानं आला, या वेळी मंगरूळपीरला, दुकानाच्या पत्त्यावर. पोस्टमनला गल्ली सापडली.

बायकोचा कोड निलंबित झाला. त्या पॉलिसीचं कमिशन परत घेतलं गेलं, बाकीच्यांची तपासणी सुरू आहे. मी माझ्याकडच्या यादीतल्या लोकांना एकेक करून सांगत आहे. काहींची मुदत कधीच संपली आहे, त्यांना लोकपालाचा रस्ता दाखवतो. काही ऐकून दार लावतात, एकानं मला हसून चहा पाजला आणि जाऊ द्या म्हटलं, ते जास्त जड गेलं. शिक्षण विभागाला कंपनीनं काही कळवलेलं नाही. मीही कळवलेलं नाही. हे लिहिताना ते ठळक दिसतं, पण अजून धाडस झालेलं नाही.

महिन्याभरानं मी मंगरूळपीरला गेलो. ऐंशी हजारांत जे कमी पडलं ते, सोळाशे चौऱ्याहत्तर रुपये, पाकिटात घालून नेले. चाचा मला ते देऊ देणार नाहीत, अशी माझी समजूत होती. बसमध्ये मी आग्रहाची वाक्यंही ठरवली होती.

दुकानात कारंज्याचं यंत्र आलं होतं. एका बाजूला हिरवा रंग उडालेला, पट्टा नवीन. चाचांनी कापडानं तोंड बांधलं होतं. मला पाहून त्यांनी यंत्र बंद केलं. मी पाकीट पुढे केलं आणि सांगितलं कशाचे आहेत.

त्यांनी ते घेतलं. मोजलं. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. मग गल्ल्यात टाकलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

मी ठरवलेलं काहीच बोलायची गरज उरली नाही. मी विचारलं, यंत्र कसं चालतं. "चालते," ते म्हणाले. "आवाज लय करते, पन चालते." तेवढ्यात एक बाई दोन जुन्या रजया घेऊन आल्या. चाचांनी त्या उलगडून कापूस बोटांनी पाहिला, भाव सांगितला, संध्याकाळी न्या म्हणाले. दार अरुंद होतं. बाईंना बाहेर पडायला जागा हवी म्हणून मी पायरी उतरून गल्लीत उभा राहिलो. चाचांनी कापड परत तोंडावर ओढलं आणि बटण दाबलं.